दिवा फ्यूजच्या अलीकडे की पलीकडे

कामाच्या टेबलासाठी बोर्ड करायचा म्हटलं, की लागणाऱ्या वस्तू थोड्याच असतात. एक मेन स्विच, एक फ्यूज, एक दिवा, चार सॉकेट आणि वायर. इलेक्ट्रिकच्या कुठल्याही दुकानात सगळं मिळतं आणि जोडायला एक संध्याकाळ पुरते. माझ्या मते यातलं खरं काम जोडण्याचं नाही, क्रम ठरवण्याचं आहे. स्विच आधी की फ्यूज, आणि दिव्याच्या वायरी नेमक्या कुठून काढायच्या, यावर त्या दिव्याचा अर्थ ठरतो. क्रम बदलला की तोच लाल दिवा वेगळी बातमी देतो, आणि बघणारा मात्र आपल्या नेहमीच्या समजुतीवर भरवसा ठेवून हात घालतो.

मिरजेत माझं ॲम्प्लिफायर आणि पॉवर सप्लाय दुरुस्त करायचं दुकान आहे. शेजारच्या गाळ्यात अण्णा पंख्यांच्या आणि मिक्सरच्या मोटारी रिवाइंड करतात. वयाने माझ्यापेक्षा बरेच मोठे, हाताला जबरदस्त सवय. एके दिवशी काम करता करता त्यांच्या बोर्डावरचा दिवा विझला आणि टेबलावर चालू असलेला मिक्सर थांबला. लाइट गेली असं समजून त्यांनी मोटारीच्या वायरीचा पीळ सोडवायला घेतला आणि सणसणीत करंट बसला. हात झटकला गेला म्हणून निभावलं. तसाच तो बोर्ड काखेत मारून ते माझ्याकडे आले.

"दिवा बंद होता की, भाऊ! मग करंट आला कुठनं?"

आधी मी पिन टॉप उघडली. न्यूट्रलच्या स्क्रूखाली वायर नुसती टेकलेली होती, आणि आजूबाजूचं प्लास्टिक तपकिरी झालं होतं. वायरीच्या तारा विस्कटू नयेत म्हणून कुणीतरी टोकाला सोल्डर पाजून ते कडक केलं होतं आणि मग स्क्रूखाली आवळलं होतं. दिसायला हे काम नीटनेटकं दिसतं, पण तसं कधी करू नये. सोल्डर मऊ असतं. स्क्रूचा दाब सतत राहिला की ते हळूहळू दबतं आणि पसरतं, त्यामुळे आज गच्च बसलेला स्क्रू काही महिन्यांनी ढिला होतो. ढिल्या जोडाला रोध वाढतो, जोड तापतो, तापला की आणखी ढिला होतो. शेवटी एक दिवस तो सुटतो. तांब्याच्या नुसत्या तारा पीळ देऊन, नाहीतर त्यांच्यावर नळीसारखा लग दाबून बसवला, तर हा प्रकार होत नाही.

आता अण्णांच्या प्रश्नाचं उत्तर. दिवा फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये जोडलेला असतो. वीज फेजने येते, दिव्यातून जाते आणि न्यूट्रलने परत फिरते. परतीची वाट तुटली की दिवा विझतो आणि मिक्सरही थांबतो. पण फेज कुठेच तुटलेला नसतो. तो स्विचमधून, सॉकेटमधून थेट मोटारीच्या कॉइलपर्यंत पोचलेला असतो. कॉइल म्हणजे शेवटी तांब्याची तारच, त्यामुळे तिचं दुसरं टोकसुद्धा २३० व्होल्टवर येऊन थांबतं. अण्णांनी हात लावला तो न्यूट्रलच्या बाजूच्या वायरीला. एरवी जिला लावून काही होत नाही ती वायर त्या वेळी फेजइतकीच जिवंत होती, आणि जमिनीपर्यंतची तुटलेली वाट अण्णांच्या अंगातून पुरी झाली.

म्हणून दिवा पेटलेला असेल तर बोर्डावर वीज आहे हे नक्की, पण विझलेला असेल तर वीज नाही हे मुळीच नक्की नाही. दिवा स्वतः गेला असेल, फ्यूज उडाला असेल, गावाची लाइट गेली असेल किंवा न्यूट्रल सुटला असेल. बाहेरून हे चारही सारखेच दिसतात.

अण्णांना नवा बोर्ड करून द्यायचं ठरलं. जुन्या बोर्डात फ्यूजच नव्हता, आणि स्विच होता तो एकाच वायरीला तोडणारा साधा स्विच. कामाला लागण्याआधी मी त्यांच्या गाळ्यातलं नव्या बोर्डासाठीचं भिंतीवरचं दुसरं सॉकेट मल्टिमीटरने तपासलं. आपल्याकडच्या तीन पिनच्या सॉकेटकडे समोरून बघितलं, मोठं भोक वर धरलं, तर खालच्या दोघांपैकी उजवीकडे फेज असायला हवा. अण्णांच्याकडे तो डावीकडे होता. जुन्या भाड्याच्या गाळ्यात हे पुष्कळदा आढळतं, कारण पंखा काय आणि ड्रिल काय, दोन्ही उलट्या जोडणीवर तितकेच छान चालतात. पण बोर्डात लावलेला साधा स्विच अशा वेळी न्यूट्रल तोडत बसतो आणि फेज बंद स्विचमागे तसाच सॉकेटवर हजर असतो. बोर्डातला फ्यूजही मग न्यूट्रलमध्ये जाऊन पडतो, आणि फेज पत्र्याला टेकला तर त्याला त्याची खबरही लागत नाही. मेन बंद करून भिंतीवरची जोडणी आधी सरळ केली. अर्थिंगच्या भोकात खरंच अर्थिंग आहे हेही बघितलं: फेज आणि अर्थिंग यांच्यात जवळपास २३० व्होल्ट, न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यात जेमतेम एखाद-दुसरा व्होल्ट.

तरीही पुढेमागे कुणी त्या सॉकेटची वायर बदलेल, बोर्ड दुसऱ्या भिंतीला लागेल, याचा भरवसा नसतो. म्हणून मेन स्विच डबल पोलचा घेतला, गीझरला लावतात तो, २० अँपिअरचा. तो फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तोडतो, त्यामुळे भिंतीत काहीही उलटसुलट झालं तरी स्विच बंद केल्यावर बोर्ड मेलेला असतो. अण्णांच्या टेबलावर तो मी पुढच्या कडेला डावीकडे बसवला. उजव्या हातात ड्रिल किंवा सोल्डरिंगची इस्त्री असते. काही धुरकटलं, ठिणगी उडाली, तर टेबलावरून वाकून मागे हात घालावा लागता कामा नये.

फ्यूज केवढा घ्यायचा याचा हिशोब लोडवरून मांडला. अण्णांचं हात ड्रिल ५०० वॅटचं, सोल्डरिंगची इस्त्री ६५ वॅटची, टेबलफॅन ५५, दिवा १०, आणि चाचणीला लावलेला मिक्सर ५०० वॅटचा धरला तर सगळं एकदम चालू झाल्यावर ११३० वॅट होतात. २३० ने भागलं की पाच अँपिअरला थोडं कमी. सॉकेट आणि पिन टॉप ६ अँपिअरची, वायर १.५ स्क्वेअर एमएमची तीन कोरची, फ्यूज ६.३ अँपिअरचा. फ्यूजचं काम वायर वाचवण्याचं आहे, म्हणून वायरीची ताकद नेहमी फ्यूजपेक्षा बरीच जास्त असावी लागते. पाण्याच्या मोटारी तपासायच्या झाल्या तर त्या या बोर्डावर लावायच्याच नाहीत, त्यांच्यासाठी वेगळी लाइन आहे, हे अण्णांकडून आधीच कबूल करून घेतलं.

६.३ अँपिअरचा फ्यूज ६.४ ला उडतो असं पुष्कळ जणांना वाटतं. तसं होत नाही. या छोट्या नळीच्या फ्यूजचा नियमच असा आहे, की दीडपट प्रवाह, म्हणजे नऊ-साडेनऊ अँपिअर, त्याने निदान तासभर सोसायला हवा. दुपटीच्या वर गेला की मिनिटांचा हिशोब सुरू होतो आणि दसपटीला तो क्षणात जातो. त्यातही दोन जाती आहेत. ‘एफ’ अक्षर असलेला चटकन उडणारा आणि ‘टी’ अक्षर असलेला दमाने घेणारा. मिक्सरची मोटार सुरू होताना क्षणभर कितीतरी जास्त प्रवाह ओढते. तिथे ‘एफ’ लावला तर तो निष्कारण उडत राहतो, आणि कंटाळून कुणीतरी त्या जागी तांब्याची तार गुंडाळतो. म्हणून ‘टी’ घ्यायचा.

याहून महत्त्वाची गोष्ट फ्यूजच्या टोपीवर बारीक अक्षरात कोरलेली असते आणि ती फारसं कुणी वाचत नाही. काचेच्या फ्यूजवर सहसा ‘एल’ असतं, आतून वाळू भरलेल्या पांढऱ्या सिरॅमिकच्या फ्यूजवर ‘एच’. फ्यूज सुरक्षितपणे केवढा प्रवाह तोडू शकतो ते हे अक्षर सांगतं. ६.३ अँपिअरचा काचेचा फ्यूज साधारण ६३ अँपिअरपर्यंतचाच प्रवाह तोडायची हमी देतो, सिरॅमिकचा १५०० पर्यंत. आता आमच्या गाळ्यापर्यंतच्या लायनीचा एकूण रोध पाऊण ओहम धरा. बोर्डात फेज-न्यूट्रल शॉर्ट झाले तर २३० भागिले पाऊण, म्हणजे तीनशेच्या वर अँपिअर वाहू बघतील. काचेच्या नळीत तार वितळते खरी, पण तिच्या वाफेतून ठिणगीचा झोत चालूच राहू शकतो आणि नळी फुटते. सिरॅमिकच्या नळीतली वाळू तो झोत तिथल्या तिथे गिळते. किमतीत फरक अगदी किरकोळ असतो. मी भिंतीच्या विजेवर काचेचा फ्यूज वापरत नाही.

सिरॅमिकच्या फ्यूजची एक अडचण मात्र आहे. काचेच्या आत बघून काय झालं ते कळतं: मध्येच बारीकशी तुटलेली तार दिसली तर जास्तीचं लोड, आणि काच आतून काळी-चंदेरी माखलेली असेल तर शॉर्ट. सिरॅमिकच्या आत काहीच दिसत नाही. तो उडाला आहे की नाही हे त्याच्याकडे बघून सांगता येत नाही, आणि इथेच दिव्याची जागा महत्त्वाची ठरते.

गीझरच्या डबल पोल स्विचमध्ये बहुधा एक छोटा निऑनचा दिवा आतच असतो. स्विच चालू केला की तो लागतो. पुष्कळ मिस्त्री तोच इंडिकेटर मानतात आणि वेगळा दिवा लावत नाहीत. पण तो दिवा स्विचच्या पुढे आणि फ्यूजच्या मागे आहे. फ्यूज उडाला तरी तो लखलखत राहतो, चारही सॉकेट मेलेली असतात, आणि माणूस बिचारं चांगलं ड्रिल उघडून बसतो. म्हणून दुसरा दिवा मी फ्यूजच्या पलीकडे जोडला, तोही फ्यूजला लागून नाही, तर शेवटच्या सॉकेटच्या पिनांवर. तिथपर्यंतची सगळी जोडणी शाबूत असेल तरच तो पेटतो. आता दोन दिवे मिळून बोलतात. दोन्ही पेटलेले: सॉकेटपर्यंत वीज आहे. स्विचमधला पेटलेला आणि पुढचा विझलेला: बहुतेक फ्यूज गेला आहे. दोन्ही विझलेले: काहीच सांगता येत नाही, पिन टॉप भिंतीतून उपसा आणि मगच हात लावा.

हे समजावत असताना अण्णांनी एक चांगला मुद्दा काढला. "न्यूट्रल तुटल्यावर दिवा विझतोय, तर दिवा फेज आणि अर्थिंगला जोडा ना. मग न्यूट्रल गेला तरी पेटेल."

पेटेल, हे खरं आहे. तरी मी तसं केलं नाही. अर्थिंगची वायर रोजचा प्रवाह वाहायला नसते. आणि समजा उद्या पिन टॉपमध्ये अर्थिंगच सुटली, तर बोर्डाचा लोखंडी डबा त्या दिव्यातून फेजला जोडलेला राहील. निऑनच्या दिव्यातून जाणारा प्रवाह एक मिलिअँपिअरपेक्षाही कमी असतो, त्याने माणूस मरत नाही, पण डब्याला हात लागला की झिणझिण्या येतील. ज्या वायरीच्या भरवशावर डबा सुरक्षित आहे तिच्यातूनच डब्यावर वीज आणायची, ही जोडणी मला पटत नाही. अण्णांनी थोडा विचार केला आणि मान डोलावली.

फ्यूज होल्डर डब्याच्या समोरच्या पत्र्यात बसणारा घेतला, टोपी फिरवून उघडणारा. त्याला दोन टर्मिनल असतात, एक अगदी मागच्या टोकाला आणि एक बाजूला. स्विचकडून येणारी फेजची वायर मागच्या टोकाला जोडायची, सॉकेटकडे जाणारी बाजूच्या टर्मिनलला. उलट जोडली तर टोपी काढताना फ्यूजचं पुढचं टोक बोटाजवळ येईपर्यंत फेजवर असतं. माझा स्विच फ्यूजच्या आधी आहे, त्यामुळे फ्यूज बदलताना सगळंच बंद करता येतं, पण घाईत कुणी स्विच बंद न करता टोपी फिरवली तर ही छोटीशी काळजी उपयोगी पडते.

डबा पत्र्याचा, म्हणून वायर आत शिरते तिथे घट्ट ग्लँड बसवलं. आत अर्थिंगची वायर मुद्दाम बाकीच्या दोघींपेक्षा चार बोटं लांब ठेवली. कुणाच्या पायात अडकून वायर उपसली गेलीच, तर फेज आणि न्यूट्रल आधी सुटतील, अर्थिंग सगळ्यात शेवटी. डब्याला अर्थिंग लावायच्या जागी रंग खरवडून पत्रा चकचकीत केला, लगला दातेरी वॉशर घातला आणि नट आवळला. रंगावर आवळलेलं अर्थिंग म्हणजे अर्थिंग नव्हे.

झाकण लावण्याआधी तीन गोष्टी मोजल्या. पिन टॉपच्या मोठ्या पिनेपासून डब्याच्या पत्र्यापर्यंत अर्ध्या ओहमपेक्षा कमी रोध. मग फेज आणि न्यूट्रल एकत्र बांधून त्यांच्यात आणि डब्यात ५०० व्होल्टचा मेगर. नुसता फेज-न्यूट्रलमध्ये लावला असता तर त्याने दिव्यातला रेझिस्टरच मोजला असता. रीडिंग एक मेगओहमच्या खाली आलं असतं तर मी सगळं पुन्हा उघडलं असतं, पण ते पुष्कळ वर होतं. शेवटी १०० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये घालून वीज दिली. आत शॉर्ट असता तर बल्ब पूर्ण प्रकाशाने पेटला असता. तो काळाच राहिला आणि बोर्डावरचे दोन्ही निऑन मात्र नारिंगी पेटले, कारण त्यांना लागणारा प्रवाह इतका थोडा असतो की बल्बला त्याची जाणीवही होत नाही.

अण्णांचं समाधान व्हावं म्हणून एक गोष्ट करून दाखवली. पिन टॉप काढून न्यूट्रलची वायर सोडवली, टोकाला टेप गुंडाळली, आणि बोर्डाला त्यांचाच मिक्सर लावून पुन्हा वीज दिली. दोन्ही दिवे विझलेले, मिक्सर गप्प. मग टेस्टर मोकळ्या सॉकेटच्या उजव्या भोकात घातला, पेटला. डाव्या भोकात घातला, तिथेही पेटला. मिक्सरच्या कॉइलमधून फिरून फेज सगळ्या सॉकेटांच्या न्यूट्रलवर पोचला होता. अण्णा बराच वेळ त्या टेस्टरकडे बघत राहिले. टेस्टर वापरतानाही तो आधी जिथे वीज नक्की आहे तिथे लावून बघायचा, पेटतो याची खात्री करायची आणि मगच त्याच्या "नाही"वर विश्वास ठेवायचा.

फ्यूज माणसाला वाचवत नाही, हे शेवटी त्यांना स्पष्टच सांगितलं. अण्णांना बसला तसल्या करंटमध्ये अंगातून मिलिअँपिअर वाहतात, ६.३ अँपिअरच्या फ्यूजला त्यांची दखलही नसते. फेज डब्याला टेकला तरी अर्थिंग चांगलं असेल तरच फ्यूज उडतो. अर्थिंगच्या वाटेत २० ओहम रोध असेल तर जेमतेम साडेअकरा अँपिअर वाहतात. ते दुपटीपेक्षाही कमी असल्यामुळे फ्यूज शांत बसून राहू शकतो आणि डबा फेजवरच असतो. त्यासाठी गाळ्याच्या मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. आत गेलेला आणि परत आलेला प्रवाह तो सतत ताडून बघतो आणि फरक दिसला की क्षणात तोडतो. त्या दिवशी तो असता तर करंट बसता बसताच लाइन तुटली असती. अण्णांनी बोर्डाबरोबर तोही बसवून घेतला.

कामाच्या टेबलासाठी मिस्त्रीकडून बोर्ड करून घेत असाल, तर झाकण लावण्याआधी एकदा आत डोकावा. दिव्याच्या वायरी फ्यूजच्या पलीकडून निघाल्या आहेत का बघा, स्विचला दोन नव्हे तर चार वायरी लागल्या आहेत का मोजा, आणि पिन टॉपमधल्या वायरींच्या टोकांना सोल्डर दिसलं तर ती टोकं कापून नव्याने आवळायला सांगा.